उस्ताद जेवायला गेले आहेत

दुकानात उस्तादचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जोरात चालायचं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याभोवती एकदा पांढरं कापड बांधलं की तो सरकारपासून सासरच्यांपर्यंत कोणालाही सोडत नसे. ऐकणारा हलू शकत नाही, ही त्याच्या धंद्याची मोठी सोय होती. पण थोरली बहीण समोर आली, किंवा नुसता तिचा फोन आला, तरी याच तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा : बघू.

ताई म्हणाली, भावा, हॉलला हा रंग बरा नाही, बदल. बघू. ताई म्हणाली, या रविवारी दाजींच्या मित्राच्या मुलाचा साखरपुडा आहे, दुकान बंद ठेव आणि ये. बघू. आणि बघू म्हटल्यावर तो नेहमी ताई म्हणेल तेच करायचा. त्याला कारणही होतं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताईने त्याला वाढवलं होतं, स्वतःचं लग्न दोन वर्षं लांबवून. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे उस्तादला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या बायकोला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढऱ्या उजेडाचा पडदा असतो, त्या उजेडात बाटलीला चीर आहे का, पोटात बुडबुडा अडकलाय का, तोंड वाकडं आहे का हे बघायचं आणि खराब बाटली उचलून बाजूला टाकायची. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त कोणी त्या पडद्यासमोर बसत नाही. डोळे उघडे राहतात, पण दिसणं बंद होतं. मग थोडा वेळ खोकी भरायची आणि पुन्हा पडद्यासमोर. भट्टी दिवसरात्र पेटलेली. ती थंड झाली तर आतली काच घट्ट होते आणि विटा तडकतात, म्हणून भट्टीला ना रविवार ना सण. भट्टीला सुट्टी नाही म्हटल्यावर माणसांच्या पाळ्या फिरत्या : एक आठवडा रात्र, पुढचा आठवडा दुपार, त्यापुढचा सकाळ, आणि पुन्हा रात्र.

लोकांना यातली रात्रपाळी तेवढी दिसायची. "अरेरे, रात्रीची ड्यूटी? मग तुम्ही भेटता कधी?" असं कोणी विचारलं की उस्ताद नुसता हसायचा. खरी गोष्ट सांगितली तर कोणाला पटली नसती. रात्रपाळीचा आठवडा म्हणजे या दोघांची चंगळ होती. तो दुकान बंद करून नऊच्या सुमारास घरी यायचा, तिची बस दहाला. मधल्या तासात दोघं एकत्र जेवायचे. दुपारी दुकानात शुकशुकाट झाला की तो शटर अर्धं ओढून घरी यायचा, तोवर तिची झोप झालेली असायची. त्याचं दुपारचं जेवण आणि तिचा सकाळचा चहा एकाच टेबलावर. असे दोन वेळा समोरासमोर बसणारे नवराबायको गल्लीत दुसरे नव्हते.

घात करायची ती दुपारपाळी. ती मध्यरात्री घरी यायची तेव्हा हा झोपलेला. हा सकाळी निघायचा तेव्हा ती झोपलेली, आणि सकाळ म्हणजे दुकानात ऑफिसला जाणाऱ्यांची रांग, तिथून हलायची सोय नाही. दोनला तिची बस यायची आणि दुकानातली गर्दी अडीचला हटायची. संबंध आठवडा दोघं एकमेकांना फक्त झोपलेलं बघायचे. ओला टॉवेल, अर्धी संपलेली भाजी, गादीवरचा खळगा, एवढ्यावरून माणूस घरात राहतंय हे ओळखायचं. त्या आठवड्यात उस्ताद दुकानात जरा जास्तच बडबडायचा.

सकाळपाळी धड इकडची नाही की तिकडची नाही. तिला पहाटे उठायचं असे, म्हणून ती रात्री लवकर दिव्यासारखी विझून जायची. तो जेवायचा आणि ती समोर बसून पेंगायची, पण समोर असायची तरी.

दिवसा झोपायचं म्हणजे सोपं काम नाही. झोपायच्या खोलीच्या खिडकीला उस्तादने दुकानातलं जाड काळं कापड ठोकलं होतं. रात्रपाळीहून परतताना ती काळा चष्मा लावून यायची, कारण सकाळचं ऊन एकदा डोळ्यांत शिरलं की मेंदू उठून बसतो आणि झोप गेलीच म्हणून समजा. बोलण्याचंही तेच. दोन वाक्यं बोललं की तिसरं सुचतं. म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं की सकाळी फाटकाजवळ भेटलं तरी बोलायचं नाही. ती आत यायची, तो बाहेर पडायचा. तो तिच्या हातातला डबा घ्यायचा. डबा हलका लागला की समजायचं, रात्र बरी गेली, जेवली. जड लागला तर काहीतरी बिनसलंय, मग दुपारी विचारायचं. ती त्याच्या कोपराला बोट लावायची आणि आत जायची. हा मागे वळून दाराला बाहेरून कुलूप लावायचा. दाराला कुलूप दिसलं की सामान विकणारे, वर्गणीवाले, पत्ता विचारणारे कोणी बेल वाजवत नाहीत. मागच्या दाराची किल्ली तिच्या उशीखाली असे.

या सगळ्यात चुकीचं काही नव्हतं. चुकलं एवढंच की समोर राहणाऱ्या काकूंच्या खिडकीतून हे फाटक स्वच्छ दिसायचं.

त्या महिन्यात इन्स्पेक्टरने एक पराक्रम केला. रात्रपाळीचा आठवडा संपत आला होता. उस्तादची सुट्टी सोमवारी, आणि तिची सुट्टी सोमवारी यायला अजून बराच अवकाश होता. तिने मैत्रिणीशी अदलाबदल केली. शनिवारची रात्रपाळी संपवून ती घरी न येता तशीच सकाळपाळीला थांबली, मैत्रिणीच्या जागी. बदल्यात मैत्रिणीने तिची रविवारची शेवटची रात्र केली, म्हणजे सोमवार अख्खा मोकळा. सोळा तास काच बघून ती रविवारी दुपारी घरी आली तेव्हा तिला उंबरेही दोन दिसत होते. डबा रिकामा होता.

"उद्या पूर्ण दिवस," ती म्हणाली. नियम मोडून, फाटकातच. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिन्ही जेवणं. मंगळवारपासून दुपारपाळी आहे, लक्षात आहे ना? उद्याचा दिवस कोणाला द्यायचा नाही."

उस्तादने नजर डब्याकडे वळवली. कारण तो दिवस त्याने सकाळीच देऊन टाकला होता. ताईचा फोन आला होता आणि आनंदाच्या भरात तो बोलून गेला होता की सोमवारी दोघंही घरी आहोत. ताई म्हणाली, मग जेवायला या. आणि हा म्हणाला, बघू.

हे त्याने तिला सांगितलं ते सोमवारी सकाळी, चहा समोर ठेवून. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कप खाली ठेवला.

"तू नाही म्हणून का सांगितलं नाहीस?"

"अगं, तिने बोलावलं म्हटल्यावर..."

"मी सोळा तास कारखान्यात काढले," ती म्हणाली. "तुला एक शब्द बोलायला जड गेला." आणि उठून केस विंचरायला लागली. जाता जाता एवढंच म्हणाली, "दोन तासांत परत यायचं. आणि आज तिथे तुझ्या तोंडून बघू ऐकलं, तर पुढचे सोमवार तू तुझ्या ताईबरोबरच काढ."

उस्तादने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती.

ताईकडे पोहोचले तर दारात चपलांचा ढीग. आत मुद्दाम रजा काढलेले दाजी होते, थोरले मामा होते, आणि खुर्चीच्या कडेवर, आपण सहज आलोय असं दाखवत, समोरच्या काकू होत्या. काकूंना बघून उस्तादला शंका आली. जेवताना सगळे फार गोड बोलत होते, तेव्हा शंकेची खात्री झाली. जेवण झाल्यावर ताईने त्याला एका सोफ्यावर बसवलं आणि इन्स्पेक्टरला दुसऱ्या.

मामांनी घसा साफ केला. "हे बघा पोरांनो, भांड्याला भांडं लागतं. पण इतकं ताणायचं नसतं."

"काय ताणलं मामा?" उस्तादने विचारलं.

"आता आमच्यापासून काय लपवायचं? काकूंनी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी तुम्ही एकमेकांसमोरून जाता, तोंडातून शब्द नाही. ही काळा चष्मा घालून येते. रडून डोळे सुजल्याशिवाय सकाळी सकाळी कोण काळा चष्मा घालतं? हातातला डबासुद्धा हिसकावून घेतोस म्हणे."

"आणि कुलूप," काकू हळूच म्हणाल्या.

"हां, कुलूप. बायकोला घरात कोंडून जातोस? आपल्या घरात असलं कधी झालं नाही."

उस्तादला आधी हसू आलं. त्याने बायकोकडे बघितलं. दोघांची नजर भेटली असती तर दोघंही फुटले असते. पण तिला नेमकी त्याच वेळी मोठी जांभई आली. सोळा तासांच्या जागरणाची झोप एका रात्रीत भरून निघत नाही. ताईच्या कपाळावर आठी पडली.

"मोठी माणसं बोलताहेत आणि तू जांभया देतेस?"

"दोन दिवसांची झोप बाकी आहे, ताई," इन्स्पेक्टर म्हणाली. "कुलूप मीच लावायला सांगते. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. बेल वाजली की झोप मोडते म्हणून."

"नवऱ्याला पाठीशी घालू नकोस," मामा म्हणाले. एकदा न्यायाधीश झालेल्या माणसाला निकाल बदलायचा म्हणजे फार त्रास होतो.

"जाऊ द्या मामा, भांडण कशाचं का असेना, मूळ सगळं त्या रात्रपाळीत आहे," ताई म्हणाली, आणि आता तिचा चेहरा उजळला. "म्हणून यांनी मुळावरच इलाज केलाय. सांगा हो."

दाजींनी ताईच्या हातातून गोडाची वाटी घेतली आणि सावकाश सांगितलं. कारखान्याचे मॅनेजर त्यांच्या ओळखीचे होते. शब्द टाकला होता. इन्स्पेक्टरची रात्रपाळी कायमची बंद. पहाटेचं उठणंही बंद. उद्यापासून रोज दुपारी तीन ते रात्री अकरा, बारा महिने. "लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात, मिळत नाही. मला एका फोनवर दिलं. फक्त हिने संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं, की उद्या ऑर्डर निघेल. रात्री आपल्या घरी, आपल्या गादीवर झोपायचं. माणसासारखं."

खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्याने दोघांकडे बघत होते. काकूंनी तर टाळी वाजवायला हात जवळही आणले होते.

उस्तादने मनात हिशोब केला. कायमची दुपारपाळी. त्या एका आठवड्यात त्याचा जीव कसा टांगणीला लागतो ते त्यालाच माहीत होतं. आता तो आठवडा संपणारच नव्हता. रात्री नऊला एकट्याचं ताट, सकाळी झोपलेल्या माणसाच्या पाठीला बघून निघायचं, म्हातारं होईपर्यंत. फाटकातली ती बोटभर भेटही जाणार. आणि हे सगळं बक्षीस म्हणून, गोडाच्या वाटीसकट.

"काय रे, बोल की," ताई म्हणाली. "सांग हिला, हो म्हण म्हणून."

इन्स्पेक्टरने उस्तादकडे मान वळवली. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. तिने ते त्याच्यासाठी ठेवलं होतं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की आपण पट्ट्यावरून सरकत चाललोय आणि मागे उजेड आहे, असं उस्तादला वाटलं.

त्याच्या जिभेवर तो शब्द आलाच होता. सवयीचा माणूस. त्याने तो गिळला.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ती दुपारपाळी घेणार नाही. मला नको आहे. रात्रपाळी असू दे."

काकूंचे टाळीचे हात खाली आले. मग मामा म्हणाले, "म्हणजे तुला बायको रात्री घरात नको?"

"मला ती जेवायला हवी," उस्ताद म्हणाला, आणि एकदा सुटल्यावर दुकानातलं तोंड परत आलं. "मामा, रात्री झोपलेलं माणूस घरात असलं काय नि नसलं काय, दोघांचेही डोळे मिटलेले. रात्रपाळीच्या आठवड्यात आम्ही दोन वेळा समोरासमोर बसून जेवतो. रोज. बोलतो, भांडतो, हसतो. सकाळी फाटकात बोलत नाही, कारण बोललो तर हिची झोप उडेल. डबा हिसकावत नाही, ही जेवली का ते बघतो. तुम्ही आम्हाला जी पाळी देताय ना, त्यात मला ही फक्त झोपलेली दिसणार आहे. हे कुणी आम्हाला विचारलं? एकाने तरी? काकू, तुम्ही समोरच राहता. रस्ता ओलांडून विचारायचं होतं."

काकू पदराचं टोक चाचपायला लागल्या.

"आवाज खाली," ताई म्हणाली. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"माहिती आहे. तू माझ्यासाठी केलंस तेवढं कोणी केलं नाही. पण ताई, एक सांग. दाजी रोज सहाला घरी येतात. तुम्ही दोघं एका ताटावर शेवटचे कधी बसलात?"

दाजींची नजर नकळत टीव्हीसमोरच्या त्यांच्या खुर्चीकडे गेली. तिच्या पुढ्यात एकाच माणसाचं छोटं टेबल होतं. ताई सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवायची, ते उस्ताद लहानपणापासून बघत आला होता. आजही ती अजून जेवलेली नव्हती. ताईचा चेहरा लाल झाला. तिला हे लागलं, आणि लागणार हे त्याला बोलतानाच कळलं होतं. वाईटही वाटलं. पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

"माझा शब्द गेला तिकडे," दाजी पुटपुटले. "आता मॅनेजरना काय तोंड दाखवू?"

"मी दाखवते," इन्स्पेक्टर म्हणाली. ती उठली आणि उस्तादच्या सोफ्यावर येऊन बसली. "लावा फोन, दाजी."

दाजींनी लावला. मॅनेजरांनी उचलला. ती स्वच्छ आवाजात बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साहेब, उपकार झाले, पण मला एकटीला वेगळी पाळी नको. माझ्या रात्री मग बाकीच्या पोरींच्या डोक्यावर पडतील. मेहेरबानी करायचीच असेल तर सगळ्यांवर करा. आपण पाळी उलटी फिरवतो, रात्रीनंतर दुपार, दुपारनंतर सकाळ. दर वेळी शरीराला आधीपेक्षा लवकर झोपायला सांगतो, ते ऐकत नाही. सुलटी फिरवा. सकाळ, मग दुपार, मग रात्र. थोडं उशिरा झोपणं कोणालाही जमतं. आम्ही सगळ्यांनी मागच्या बैठकीत हेच सांगितलं होतं, तुम्ही चहा पीत होतात."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मॅनेजर म्हणाले, "बघू."

इन्स्पेक्टरने फोन दाजींना परत दिला. "बघू म्हणाले," तिने उस्तादला सांगितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

ताई दारापर्यंत आली नाही. उस्ताद स्वयंपाकघरात गेला, तिच्या पाठीमागे उभा राहिला, पण ती भांडी घासत राहिली. "जेव आधी," तो म्हणाला. तिने पुढचं भांडं उचललं. मग तो निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीला रागावलेली सोडून घराबाहेर पडला.

घरी आल्यावर त्याने समोरच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि दोघं मागच्या दाराने आत गेले. उरलेली दुपार आणि अख्खी संध्याकाळ ते घर गल्लीला बंद दिसलं. आत काय चाललं होतं ते सांगायचं कारण नाही. एकदा काकू फाटकापर्यंत आल्या, कुलूप बघून थबकल्या आणि परत गेल्या. आतून मोठ्याने हसण्याचा आवाज येत होता.

पण खरी गोष्ट मंगळवारची आहे. दुपारपाळी सुरू झाली होती आणि ती काही कोणी बदलून दिली नव्हती. दुकानात नेहमीसारखी गर्दी. बाकावर चौघं बसलेले, खुर्चीतला पाचवा. उस्तादने खुर्चीतल्याचे केस कापून पुरे केले, मान झाडली, कापड झटकलं आणि बाकावरच्यांना म्हणाला, "चला, उठा. दुकान बंद."

"आत्ता? बारा वाजलेत," एक जण म्हणाला.

"दोननंतर या. हा आठवडाभर असंच. यापुढे दर तिसऱ्या आठवड्याला असंच."

"मी तासभर बसलोय उस्ताद. मी समोरच्या दुकानात जाईन."

"जा," उस्ताद म्हणाला. "तो कान कापतो."

शटर पूर्ण खाली ओढून त्याने त्यावर खडूने लिहिलं : उस्ताद जेवायला गेले आहेत. आणि जवळजवळ पळतच घरी गेला. दाराला कुलूप होतं. ते त्याने काढलं. इन्स्पेक्टर नुकती उठली होती, कारखान्याचा शर्ट अर्धा घातलेला, केस विस्कटलेले. ती त्याच्याकडे बघत राहिली. दुपारपाळीच्या आठवड्यात, या वेळी, दोघंही जागे, हे सात वर्षांत झालं नव्हतं.

"गिऱ्हाईकं?" तिने विचारलं.

"दोन तुटली. तुटू देत."

तिने भात गरम केला, त्याने अंडी फोडली. ती वाढत होती तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताई. उस्तादने एकदा फोनकडे बघितलं, एकदा ताटाकडे, आणि उचलला.

"जेवतोय, ताई. नंतर बोलतो."

"या वेळी?" ताईचा आवाज अजून फुगलेलाच होता. "दुकान सोडून?"

"हो."

"एकटाच?"

"दोघं," उस्ताद म्हणाला, आणि फोन पालथा ठेवून घास घेतला.